एक रुपयाचा डेमो आणि हजारोंची परवानगी

पालकहो, दहावीच्या प्रिलिमचे गुण हाती आले आहेत, गणिताने दगा दिला आहे आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. या घाईत घरोघरी शिक्षक शोधून देणारी संकेतस्थळं उघडली जात आहेत. शोधा, जरूर शोधा. पण यूपीआयचा पिन दाबण्याआधी पाच मिनिटं थांबून हे वाचा.

समजा, नाशिकच्या एका घरात आज रात्री अशी नोंदणी चालली आहे. शिक्षकाची फी तासाला ६०० रुपये, पहिला तास मोफत, ‘फक्त पडताळणीसाठी १ रुपया’. रुपया भरायला यूपीआय अ‍ॅप उघडतं आणि समोर ऑटोपेचा पडदा येतो. त्यावर रक्कम, ती किती दिवसांनी कापायची, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे सगळं लिहिलेलं असतं. रकमेपुढे १ रुपया नाही, ‘४,९९९ पर्यंत’ असं असतं. आपली नजर मात्र खालच्या बटणावर. पिन दाबला की दरमहा तेवढ्यापर्यंत रक्कम कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, दिली गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कापणीला सहसा पुन्हा पिन लागत नाही. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. ती येतेही, पण कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांच्या ढिगात कोण बघतो?

डेमो आवडला नाही म्हणून संकेतस्थळाचं अ‍ॅप काढून टाकलं, तरी मँडेट जिवंतच राहतं. ते आपल्या यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन रद्द करावं लागतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सांगितलं होतं की ऑनलाइन शिकवणी कंपन्यांना आपोआप पैसे कापण्याची मुभा देणं टाळा. डेमो खरंच मोफत असेल तर त्याला कार्डाचा नंबरही लागू नये आणि मँडेटही.

आता शिक्षकाच्या नावापुढच्या ‘व्हेरिफाइड’ खुणेबद्दल. यातली बरीच संकेतस्थळं पालकांचे फोन नंबर शिक्षकांना विकून कमावतात. त्यामुळे जितके जास्त शिक्षक, तितका त्यांचा फायदा. ती खूण अनेकदा मोबाइल किंवा ओळखपत्र तपासल्याची असते, पदवी तपासल्याची नव्हे. खूण नेमकी कशाची, हे संकेतस्थळाला लेखी विचारा. शिक्षकाला व्हिडिओ कॉलवर डिजिलॉकर उघडून पदवी दाखवायला सांगा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. अनेक जुन्या पदव्या तिथे नसतात, तेव्हा मूळ कागद पाहा. ‘सध्या नामांकित शाळेत कार्यरत’ ही ओळ तर मला नेहमी खटकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे बहुधा दावा खोटा, नाहीतर नियम मोडला जातोय.

पदवीपेक्षाही नेमकी परीक्षा डेमोतच होते. मुलाची प्रिलिमची उत्तरपत्रिका पुढे ठेवा आणि चुकलेलं भूमितीचं प्रमेय तिथल्या तिथे घ्यायला सांगा. मूल कुठे अडलं हे जो आधी विचारतो, त्याला शिकवता येतं. तयार स्लाइड दाखवून पॅकेजकडे वळतो, तो विक्रेता. घरी येणाऱ्या शिक्षकाकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागायला संकोचू नका. त्यासाठी त्यांना ऑनलाइन अर्ज करता येतो. आणि तासाच्या वेळी घरात मोठं माणूस हवंच.

मग येतो आग्रह: ‘साइटचं कमिशन वाचेल, तीन महिन्यांचे पैसे थेट मला पाठवा.’ हे करू नका. संकेतस्थळ पैसे स्वतःकडे ठेवून तास झाल्यावर शिक्षकाला देत असेल, तर तिथेच भरा. बाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी ते घेणार नाही. संकेतस्थळ फक्त फोन नंबर देत असेल, तर आठवड्याचे तास झाल्यावर त्या आठवड्याचे पैसे द्या. पिन टाकण्याआधी पडद्यावर दिसणारं खातेदाराचं नाव शिक्षकाचंच आहे का, ते पाहा. ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळावर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असायलाच हवं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. हे तपशील नसतील तर पुढे जाऊच नका. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. सरळ फसवणूक झाली असेल, तर आधी १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतील की नाही, हे तुम्ही किती लवकर कळवता यावर ठरतं.

आणि ज्यांनी अलीकडे असा डेमो घेतला आहे, त्यांनी आज झोपण्यापूर्वी यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी उघडावी. ओळखीचं नाही असं जे दिसेल, ते रद्द करावं आणि त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.