आजीची ‘वाटी’ म्हणजे अमेरिकेतला ‘कप’ नव्हे!

होळीच्या आधी न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला मी आजीच्या पुरणपोळीची कृती इंग्रजीत लिहून पाठवली. आजीच्या वहीत मजकूर मोजकाच होता : एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी चिरलेला गूळ, डाळ शिजवून कट काढावा, पुरण घट्ट करावे. मी ‘वाटी’ला ‘कप’ लिहिलं आणि गुळाला पर्याय म्हणून ‘ब्राऊन शुगर’ सुचवली. पुरण सैल झालं, पोळ्या लाटताना फुटल्या. इंजिनीअर असूनही एकक तपासलं नाही, ही चूक माझीच.

नेमकं चुकलं कुठे?

दोन्ही जिन्नस एकाच भांड्याने मोजले, तर भांडं लहान-मोठं असल्याने फरक पडत नाही. फरक पडला भरण्याच्या पद्धतीने. आजी गूळ वाटीत हलका भरते. अमेरिकेत ब्राऊन शुगर कपात दाबून भरण्याची रीत आहे.

मग मी घरची वाटी काट्यावर ठेवली. १५० मिलीच्या वाटीत डाळ १२५ ग्रॅम बसली, गूळ १०५ ग्रॅम. बहिणीच्या २४० मिलीच्या कपात डाळ साधारण २०० ग्रॅम. तिला आजीच्या हिशेबाने गोड हवं १६८ ग्रॅम. दाबून भरलेल्या कपातून साखर गेली सुमारे २२० ग्रॅम. जास्तीचे ५० ग्रॅम विरघळले आणि पुरण सैल झालं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : परदेशी पाठवायची कृती कपात लिहू नका. घरची वाटी एकदा वजन करा आणि ग्रॅम लिहा.

पर्याय काय द्यावा?

ब्राऊन शुगर बहुतेकदा मळी मिसळलेली साखरच असते. गुळाच्या जवळचा पदार्थ लॅटिन अमेरिकी दुकानात मिळतो. कोलंबियाचा ‘पनेला’ आणि मेक्सिकोचा ‘पिलोन्सियो’ हेही उसाचा रस आटवूनच करतात. ढेप किसा, वजन करा, वापरा.

डाळीचं नाव ‘चना डाळ’ असंच ठेवा. ‘यलो स्प्लिट पी’ दिसायला तशीच, पण ती वाटाण्याची डाळ. ती लवकर गळते आणि चवही वेगळी लागते.

‘घट्ट’चं इंग्रजी काय?

नुसतं ‘थिक’ लिहून भागत नाही, कारण खीरही ‘थिक’ असते. आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “उलथनं मधोमध उभं कर. पडलं नाही, तर गॅस बंद कर.” वहीत न लिहिलेली हीच खूण इंग्रजी कृतीत सगळ्यात आधी हवी. शेगडी आणि भांडं बदललं की मिनिटं बदलतात. ही खूण बदलत नाही.

दुरुस्त कृती मी पुन्हा पाठवली. परवा बहिणीचा फोटो आला. त्यात पोळी नव्हती, पुरणात ताठ उभं राहिलेलं उलथनं होतं.