‘नको’ म्हटल्यावर

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, बेवारस मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू होते, एवढी माणसे शहरात ठेवता येईनात. म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली.

इथवरची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. रमाबाईंनी त्या दुष्काळाविषयी जे लिहिले त्यातला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. पोटभर जेवण मिळू लागले तशा यातल्या कित्येक मुली आनंदायच्या ऐवजी घाबरल्या. आपल्याला खाऊ घालून धष्टपुष्ट करतील, मग उलटे टांगून खाली जाळ करतील आणि अंगातले तेल काढून विकतील, अशी अफवा त्यांच्या कानांवर आलेली होती आणि ती त्यांना खरी वाटत होती.

आपण हसतो. पण त्या मुली कुठून आल्या होत्या ते पाहा. दुष्काळी भागात भाकरीचा तुकडा दाखवून मुली पळवणारे, त्यांना विकणारे दलाल फिरत होते. सरकारी अन्नछत्रांच्या आसपासही मुली सुरक्षित नव्हत्या, हेही रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे जेवायला घालणारा हात आणि विकणारा हात एकच असतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. अफवा खोटी होती, पण तिच्यामागचा हिशेब अनुभवाचा होता.

या दिवाळी अंकात नात्यांवर बरेच लेखन आले आहे. संपादक म्हणून मला त्यातली एकच बाजू इथे मांडायची आहे. छळाच्या संसारातून बाहेर पडलेल्या बाईला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा साधा चांगुलपणाही संशयास्पद का वाटतो, आणि तो संशय कमी होतो तो कसा?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 साली मारहाणीच्या संसारातला एक फेरा मांडला. आधी ताण चढत जातो, मग मारहाण होते आणि त्यानंतर माफी, रडणे, लाडीगोडी. सगळ्याच घरांत असे घडत नाही. कित्येक नवरे कधीच माफी मागत नाहीत, आणि या मांडणीवर पुढे तशी टीकाही झाली. पण जिथे असे घडते, तिथे बाईला एक धडा पक्का मिळतो. गोडवा हा माराचाच एक भाग असतो. दसऱ्याला डोके भिंतीवर आपटणाऱ्याने पाडव्याच्या ओवाळणीत भारी साडी घातली, तर पुढे कोणीही साडी आणली की पोटात गोळाच येणार. नात्यातल्या बायका तिला म्हणतात, “आता कशाला घाबरतेस, सगळे सारखे नसतात.” हे तिलाही कळते. पण त्या घरात नवऱ्याचा मूड पायांच्या आवाजावरून ओळखावा लागत होता. शरीराला लागलेली ती सवय कोणी समजावून सांगितल्याने जात नाही.

माझ्या ओळखीची एक बाई आहे. सासर दौंड तालुक्यातले, आता शिरूर तालुक्यात कारेगावला भाड्याच्या खोलीत राहते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. नवीन असताना घरमालकीण रोज सकाळी दारात अर्धा लिटर दूध ठेवायची. ही रोज दुधाचे पैसे वहीत मांडायची आणि महिनाअखेरीला भाड्यात मिळवून द्यायची. कारण तिच्या मते फुकट असे काही नसते. त्याच सुमाराला कामावरचा एक जण दुसरी पाळी सुटली की म्हणायचा, “ताई, रात्रीची बसची वाट कशाला बघता, गाडीवर सोडतो.” दोघेही गोड बोलणारे. यातला कोण कसा, हे बोलण्यावरून तिला कळेना, आणि बोलण्यावरून ते कळणारही नव्हते.

कळले ते तिने नकार दिल्यावर. मालकिणीला ती म्हणाली, “मावशी, दूध नको, मी माझं आणते.” मावशी म्हणाली, “बरं बाई,” आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची वेळ बदलल्याचे तिने नेहमीच्याच आवाजात सांगितले. कामावरच्याला नकार दिला तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. नंतर चारचौघांत म्हणाला, “आमच्या चांगुलपणाची किंमतच नाही लोकांना.” त्याच्या मनात काही वाईट असेलच असे नाही. पण त्याच्या मदतीला बिल होते आणि ते चुकवले नाही तर राग येत होता. तिला एवढे कळणे पुरेसे होते. मावशीने मात्र पुढे एकदा ही तापात असताना विचारले, “दूध देऊ का आज?” आणि ती हो म्हणाली. मधे बरेच महिने गेले होते.

विश्वास बसायला लागतो तो असा. छोट्या गोष्टीत ‘नाही’ म्हणून बघायचे, समोरचा काय करतो ते पाहायचे आणि मग थोडे पुढे सरकायचे. या रीतीला मर्यादाही आहेत. काही माणसे पहिले दहा नकार हसत झेलतात आणि अकराव्याला रंग दाखवतात, म्हणून घराची किल्ली, पैसे आणि एकटे जाणे या गोष्टी शेवटीच येतात. उलट कोणाची तपासणी संपतच नाही. वर्ष उलटले तरी दार वाजले की थरकाप होतो, झोप लागत नाही, तेच ते डोळ्यांसमोर येते. अशा वेळी हा केवळ सावधपणा राहिलेला नसतो. त्यावर उपचार असतात. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो. आणि छळ अजून चालूच असेल तर विश्वासाचा विचार नंतर. आधी 181 ही महिला हेल्पलाइन आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. जिथे भीती खरी आहे तिथे ती घालवायचा प्रयत्न करणे म्हणजे बाईला निःशस्त्र करणे.

केडगावच्या गोष्टीला एक अवघड पदरही आहे. केडगावच्या आधीची रमाबाईंची संस्था म्हणजे शारदा सदन. तिथे धर्माच्या बाबतीत मुलींना मोकळीक असेल, असा भरवसा लोकांना दिला होता. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात असे बाहेर कळले, आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी जितक्या बायकांना जगवले तितक्या त्या काळात फार थोड्यांनी जगवल्या असतील, आणि टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी एका तरी विधवेला घरात ठेवले होते, हा माझा जुना प्रश्न आहे. तरीही आधार देणाऱ्याच्या मनात काही अपेक्षा असेल तर ती आधीच उघड सांगावी, हे मला त्या वादातून पटते. अपेक्षा असणे हा गुन्हा नव्हे. ती नंतर कळली की मात्र आधीचे सगळे जेवणही संशयाचे होते.

म्हणून शेजाऱ्यांसाठी दोन शब्द. “माझ्यावर विश्वास ठेव” असे म्हणू नका. हे वाक्य तिने त्याच घरात सर्वांत जास्त ऐकलेले असते. तिची कहाणी विचारू नका, सांगायची असेल तेव्हा ती सांगेल. जे करणार आहात ते आधी सांगा आणि सांगितले तेवढेच करा. मोठी मदत एकदम अंगावर टाकू नका. फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा, आपल्याकडे ताट रिकामे परत देत नाहीत, ही रीत तिच्या डोक्यात ओझे होऊन बसलेली असते. ताट परत हवे असेल तर कधी हवे ते सांगा. नको असेल तर कागदी पुडीत द्या. आणि तिने दारातूनच “आमचं झालंय” म्हणून परत पाठवले, तर चकल्या घरी आणून स्वतः खा आणि उद्या भेटल्यावर पाणी कधी येणार ते विचारा.