गाडीचे कर्ज आणि ठेवीचा हिशेब

गाडी घ्यायला निघालेल्या कुटुंबाला हमखास एक सल्ला मिळतो. दहा लाख रुपये हाताशी असले तरी ते गाडीत घालू नका. मुदत ठेवीत ठेवा आणि गाडीसाठी कर्ज काढा. कर्जाचा दर 9 टक्के आणि ठेवीचा 7 टक्के असला, तरी पाच वर्षांनी फायदा तुमचाच. आकडेही तसेच मांडले जातात. 10 लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण 20,760 रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे 2 लाख 45 हजार भरावे लागते. त्याच पाच वर्षांत ठेव मात्र 14 लाख 15 हजारांवर पोचते. म्हणजे मिळालेले व्याज भरलेल्या व्याजापेक्षा 1 लाख 70 हजारांनी जास्त!

हा फायदा खरा नाही. कर्जाची मुद्दल हप्त्यागणिक कमी होत जाते, म्हणून त्यावरचे व्याज कमी दिसते. ठेव मात्र पाचही वर्षे पूर्ण राहते. शिवाय हप्ता ठेवीतून जात नाही, पगारातून जातो, आणि पगारातले हे पैसे या हिशेबात कुठेच धरलेले नसतात.

ते धरून पाहू. सारखा पगार असलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाने ठेव मोडून गाडी रोखीने घेतली आणि वाचलेला 20,760 रुपयांचा हप्ता दरमहा 7 टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरला. पाच वर्षांनी त्याच्याकडे सुमारे 14 लाख 86 हजार रुपये जमतील. कर्ज काढणाऱ्याकडे 14 लाख 15 हजारच असतील. गाडी दोघांकडे सारखीच, पण रोखीने घेणारा सुमारे 70 हजारांनी पुढे. ठेवीच्या व्याजावरचा आयकर धरला, तर 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती 7 पैकी पाच टक्केही उरत नाहीत. पगारदाराला गाडीच्या कर्जाच्या व्याजावर सहसा करसवलत नसते. व्यवसायासाठी गाडी वापरणाऱ्याला मात्र ते व्याज खर्चात दाखवता येते, आणि त्याचा हिशेब वेगळा निघू शकतो.

ठेवीऐवजी शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवले तर? वर्षाला 12 टक्के मिळाले, तर कर्ज काढणारा नक्कीच पुढे जाईल. पण तो परतावा कोणी लिहून देत नाही. 9 टक्के व्याज मात्र करारात लिहिलेले असते. पाच वर्षे हा शेअर बाजारासाठी छोटा काळ आहे. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: गाडी घ्यायची नसती, तर केवळ फंडात गुंतवायला आपण 9 टक्क्यांनी कर्ज काढले असते का? उत्तर नाही असेल, तर गाडीच्या निमित्ताने तेच करण्यात शहाणपण नाही.

रोखीच्या बाजूनेही दोन अटी आहेत. वाचलेला हप्ता खरोखर दरमहा बाजूला पडला पाहिजे. तो घरखर्चात विरला, तर वरचे 70 हजार कुठेच दिसणार नाहीत. दुसरे म्हणजे, गाडीपायी सगळी शिल्लक रिकामी करू नये. नंतर आजारपण आले किंवा नोकरी गेली, तर वैयक्तिक कर्ज घ्यावे लागते आणि त्याचा दर गाडीच्या कर्जापेक्षा सहसा जास्त असतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जेवढे कमी पडेल, तेवढेच कर्ज कमी मुदतीसाठी घ्यावे. सही करण्यापूर्वी दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवरचा, हे विचारावे. पाच वर्षांसाठी 5 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर 9 टक्क्यांहून थोडे जास्तच. मुदतीपूर्वी फेड केल्यास किती आकार लागेल, तेही लेखी घ्यावे.

थांबण्याचा पर्याय मात्र चर्चेत क्वचितच येतो. दोन वर्षे थांबल्यास 10 लाखांचे 7 टक्क्यांनी साडेअकरा लाखांजवळ होतात. गाडीची किंमत वर्षाला 4 टक्क्यांनी वाढली, तर ती 10 लाख 82 हजार होते. कर भरल्यावर यातला फायदा थोडाच उरतो. थांबण्यातला मोठा लाभ गाडीच्या घसाऱ्यात आहे. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार दुसऱ्या वर्षाअखेर गाडीची किंमत 20 टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर निम्म्याने घटलेली धरतात. शिवाय विमा, देखभाल आणि पार्किंगचा खर्च वाचतो. त्यातून रिक्षा-टॅक्सीचे भाडे वजा केले, की थांबण्याची खरी किंमत कळते. आठवड्यातून एकदा गाडी लागणाऱ्या घराला थांबणे परवडते. रोज वयस्क आईवडिलांना दवाखान्यात न्यावे लागणाऱ्या घराला नाही.

म्हणून आधी गरज ठरवावी आणि मग पैशाचा मार्ग. गरज आज नसेल तर थांबावे. असेल तर अडीअडचणीची शिल्लक राखून जमेल तेवढी रोख द्यावी आणि उरलेल्यापुरतेच कर्ज काढावे. ठेव सांभाळण्यासाठी तिच्यापेक्षा महाग कर्ज काढणे मात्र टाळावे.