गोठा आधीचा की नंतरचा? फोटोच्या दोन तारखा मागा



कामरगावच्या आपल्या कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. उद्या आणखी रस्ते येतील, कालवे येतील आणि जुना वाद पुन्हा उभा राहील. साहेब म्हणणार, "हा गोठा मोबदल्यासाठी अधिसूचनेनंतर ठोकला. उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही." या उत्तरावर मुकाट्याने मान डोलावू नका.

फोटो बांधकामाची तारीख सांगत नाही, दोन टोके सांगतो. गोठा नसलेला शेवटचा फोटो आणि गोठा असलेला पहिला फोटो, काम या दोहोंच्या मध्ये झाले. समजा, अधिसूचना मार्च 2019 ची. एप्रिल 2014 च्या फोटोत नुसते वावर आहे, डिसेंबर 2017 च्या फोटोत पत्रे चमकतात. गोठा आधीचा, वाद मिटला. पण दुसरा फोटो डिसेंबर 2020 चा असेल तर अधिसूचना मधल्या फटीत पडते. तो फोटो ना तुमच्या बाजूचा ना साहेबांच्या. मग वीजबिल, ग्रामपंचायतीची कर पावती, हेच पुरावे.

"दिसत नाही" म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या फोटोत? 2015 पासून फुकट मिळणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या फोटोत एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, सातबाऱ्यावरचा एक आर. वीस बाय तीस फुटांचा गोठा जेमतेम अर्धा आर भरतो. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका तर नऊ आरांचा. त्यात गोठा न दिसणे म्हणजे गोठा नसणे नव्हे. गवताचे छप्पर मातीच्या रंगात मिसळते, निंबाखालचा गोठा झाडाने झाकतो, पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून मार्च-एप्रिलचा, वावर मोकळे असतानाचा स्पष्ट फोटो शोधावा.

गावातल्या शिकल्या पोराला संगणकावर गूगल अर्थ प्रो उघडायला सांगा. `View` मध्ये `Historical Imagery` दाबले की वर तारखांची पट्टी येते. शेताच्या अगदी जवळ जाऊनच तारीख वाचावी, कारण चित्र अनेक तुकड्यांचे जोडलेले असते. 1984 पासूनची धूसर चित्रे वर्षभराच्या फोटोंची गोळाबेरीज असतात, त्यांवरची वर्षअखेरची तारीख खरी धरू नये. एका फोटोपासून दुसऱ्यात जागा काही मीटर सरकलेली दिसते, तेव्हा धुऱ्याचा वाद यावर लढू नका, त्याला मोजणीच हवी.

कोर्टात नुसती छापील प्रत चालत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आपली मागणी सरळ आहे. फोटोवरून दावा फेटाळायचा असेल तर दोन्ही फोटो, त्यांच्या तारखा आणि ठिपक्याचे माप लेखी द्या. आणि आपणही नंतर ठोकलेला गोठा आधीचा म्हणून सांगू नये. तोच फोटो तेव्हा आपल्याविरुद्ध साक्ष देईल आणि शेजाऱ्याच्या खऱ्या दाव्यावरही संशय आणील.