फॉन्ट संशय देतो, पुरावा नाही

नाशिक रोडहून परीक्षेला, मुलाखतीला बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींना तिकिटाचे पैसे परत देणाऱ्या एका छोट्या निधीचे अर्ज मी तपासतो. अर्जासोबत तिकिटाचा फोटो येतो आणि काही फोटो बदललेले असतात. ज्यादा गेलेले पैसे पुढच्या गरजू अर्जदाराचेच असतात, म्हणून तपासणी हवीच. प्रश्न आहे ती कशी करायची याचा.

बहुतेकांची नजर आधी अक्षरांवर जाते. एखादा आकडा जाड दिसतो, ओळ किंचित सरकलेली वाटते. पण व्हॉट्सॲपवर दोनदा पुढे गेलेल्या खऱ्या तिकिटाचीही अक्षरं पुसट होतात. फॉन्टवरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

समजा, नाशिक रोड ते भोपाळचं आयआरसीटीसीचं ई-तिकीट आहे. मूळ तिकीट स्लीपरचं, भाडं ४०० रुपये. कुणीतरी फोटोत SL पुसून 3A केलं, भाडं १,०५० केलं आणि एकूण रक्कमही जुळवली. तरी दोन गोष्टी राहून जातात. यूपीआयने पैसे भरले तर सुविधा शुल्क जीएसटी धरून स्लीपरला ११.८० रुपये आणि एसीला २३.६० रुपये लागतं; फोटोत ११.८०च उरलेले असतात. दुसरं म्हणजे क्यूआर कोड. साध्या स्कॅनरने वाचला तरी त्यात पीएनआर, नाव, तारीख, वर्ग आणि भाडं दिसतं. वरची अक्षरं बदलली तरी कोडमध्ये SL आणि ४००च राहतात.

पण कोडलाही मर्यादा आहे. तिकीट काढलं, फोटो ठेवला, मग तिकीट रद्द करून पैसे परत घेतले, तर फोटो आणि कोड दोन्ही अस्सलच असतात. ही लबाडी फक्त पीएनआर तपासल्यावर कळते, आणि प्रवासानंतर काही दिवसांनी ती माहितीही दिसेनाशी होते. म्हणून अर्ज आला की त्याच आठवड्यात पीएनआर पाहावा.

कोड वाचता येत नसेल, तर अर्ज फेटाळण्याआधी मूळ पीडीएफ मागावी. तिकीट दुसऱ्याच्या खात्यातून काढलेलं असेल, तर त्याच्याकडून मागवायला दोन दिवस द्यावेत. धुरकट फोटोवरून एखाद्या मुलीला खोटं ठरवलं, तर ती मदत मागायला पुन्हा येणार नाही.

आणि जे फोटो बदलतात त्यांना एवढंच सांगतो: बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे. साडेसहाशे रुपयांसाठी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद येऊ देऊ नका. भाडं परवडत नसेल तर अर्जात तसं लिहा. आगाऊ मदतीचा मार्ग काढणं आमचं काम आहे.