फलकावरची वेळ

पुण्यातील नोकरी सोडून गावी परतलेल्या एका अभियंता कन्येने एसटीच्या वेळांचे ॲप तयार केले. पेठेतील काकांनी ते पाहून विचारले, "बेटा, नऊ-दहा तर फलकावरही लिहिले आहे. गाडी आहे कुठे?"

आक्षेप रास्त होता. गाडी मूळ स्थानकातून सुटते तीच वेळ खरी ठरलेली. मधल्या गावची वेळ हा अंदाजच. तिने तो अंदाज काढून टाकला. आता मागच्या थांब्यावर गाडीत बसलेला प्रवासी कळ दाबतो आणि 'गाडी 8:52 ला निघाली' एवढेच दिसते. दुसऱ्या प्रवाशाने दुजोरा दिल्याखेरीज नोंद पक्की होत नाही. (दोन सह्यांची सवय असलेल्या आम्हा बँकवाल्यांना हे विशेष भावले.) कोणीच कळवले नाही, तर 'माहिती नाही' असे स्पष्ट उमटते.

काका अजून फलकच वाचतात. पार्सल उचलण्यापूर्वी मात्र नातवाला मोबाईल पाहायला सांगतात.