फोन रीसेट करण्याआधी एकदा सेफ मोडमध्ये बघा

आज थोडं स्पष्ट बोलतो. फोन हँग होतोय म्हटलं की दुकानातला माणूस एका वाक्यात मोकळा होतो, "रीसेट मारावा लागेल." आणि आपण मान डोलावतो. माझं मत असं, की छोट्या धंदेवाल्याने रीसेट हा शेवटचा उपाय ठेवावा. कारण रीसेटने फोन पुसला जातो, पण बिघाड कशामुळे होता ते कळत नाही. वर फोन परत चालू करताना आपण गुगलच्या बॅकअपमधून सगळी जुनी अ‍ॅप्स जशीच्या तशी परत आणतो. दोषी अ‍ॅपही त्यांच्यासोबत गुपचूप परत येतं.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांचा डब्यांचा व्यवसाय, रोजचे पस्तीसएक डबे. दोन आठवड्यांपासून सकाळी अकरा ते बारा, म्हणजे ऐन ऑर्डरच्या वेळी, फोन गोठायचा. बिल करायला घेतलं की स्क्रीन हलायचीच नाही. त्यांचा संशय बिलाच्या अ‍ॅपवर होता आणि त्या ते काढून टाकणारच होत्या. मी विचारलं, "ताई, उधारी कुठे लिहिता?" म्हणाल्या, "त्यातच की!" बॅकअप? घेतलेलाच नव्हता. म्हणजे रीसेट केलं असतं किंवा ते अ‍ॅप काढलं असतं, तर महिन्याभराची उधारी गेली असती.

म्हणून आम्ही आधी सेफ मोड लावला. सेफ मोड म्हणजे काय, तर फोन फक्त कंपनीने दिलेल्या अ‍ॅप्सवर चालू होतो. तुम्ही डाउनलोड केलेली सगळी अ‍ॅप्स तात्पुरती बंद राहतात. ती पुसली जात नाहीत, त्यांचा डेटाही जात नाही. आता हिशोब सोपा आहे. सेफ मोडमध्ये फोन नीट चालला, तर गडबड बहुतेक डाउनलोड केलेल्या अ‍ॅपची. तिथेही गोठला, तर दोष दुसरीकडे.

बहुतेक अँड्रॉइड फोनवर पद्धत अशी आहे. पॉवरचं बटण दाबून धरा. बंद करण्याचा पर्याय दिसला की `Power off` वर बोट दाबून ठेवा. सेफ मोडबद्दल विचारणा येईल, तिथे `OK` करा. काही फोनवर पॉवर बटण दाबलं की व्हॉइस असिस्टंट उघडतो, तिथे पॉवर आणि आवाज वाढवण्याचं बटण एकत्र दाबा. काही फोन आधी पूर्ण बंद करावे लागतात आणि चालू होताना आवाज कमी करण्याचं बटण दाबून धरावं लागतं. फोन उघडल्यावर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात `Safe mode` लिहिलेलं दिसतं. बाहेर यायला फोन फक्त रीस्टार्ट करायचा. तरी बाहेर येत नसेल, तर कव्हरमुळे आवाजाचं बटण दाबलं जातंय का ते बघा.

धंद्याच्या वेळेत हे करू नका. सेफ मोडमध्ये पेमेंटची अ‍ॅप्स चालणार नाहीत. ग्राहकाने क्यूआर स्कॅन करून दिलेले पैसे खात्यात जमा होतातच, पण ते बघायला तुमच्याकडे फक्त बँकेचा एसएमएस असेल. आधी होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण विजेट्स कधी कधी परत लावावे लागतात.

ताईंनी दुपारी चार वाजता, डबे गेल्यावर, सेफ मोड लावला. इथे लोक घाई करतात. पाच मिनिटं बघतात आणि म्हणतात, "चालतोय की!" फोन दिवसातून एकदाच गोठत असेल, तर पाच मिनिटांनी काहीच सिद्ध होत नाही. ताईंचा फोन वापर चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी अडकायचा, म्हणून तासभर वापरायला सांगितलं. फोन लावले, फोटो काढले, ब्राउझर चालवला. एकदाही अडकला नाही.

पण सेफ मोड अ‍ॅपचं नाव सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं, तेही एकेक करून. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन `Manage apps & device` उघडलं, की अ‍ॅप्स अलीकडे अपडेट झालेल्या क्रमाने लावता येतात. नुसतं नवीन घेतलेलं अ‍ॅपच नाही, अपडेट झालेलं जुनं अ‍ॅपही बिघडू शकतं. त्रास सुरू झाला त्या सुमाराची तीन अ‍ॅप्स निघाली: सणांच्या शुभेच्छांचे बॅनर बनवणारं, फोन 'क्लीन' करणारं आणि बिलाचं. बिलाचं शेवटी ठेवलं, कारण त्यात उधारी होती.

पहिल्या दिवशी बॅनरचं अ‍ॅप काढून फोन रीस्टार्ट केला. दुसऱ्या दिवशी अकराला परत तेच. मग क्लीनरचं काढायला गेलो, तर `Uninstall` दाबताच येईना. अ‍ॅपने स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेऊन ठेवला होता. सेटिंग्जच्या शोधात `device admin` टाकून तो अधिकार बंद केला, मग ते निघालं. असं अ‍ॅप त्रास देऊन हातच लावू देत नसेल, तर हे काम सेफ मोडमध्येच उरका. तिथे ते चालूच नसतं.

नंतर चार दिवस फोन गोठला नाही. बॅनरचं अ‍ॅप परत टाकलं, तरी ठीक. म्हणजे फोन हलका करायला घेतलेलं अ‍ॅपच फोन अडकवत होतं. बिलाचं अ‍ॅप निर्दोष होतं. फोन बिलाच्या वेळी गोठायचा, कारण त्या वेळेला तो सर्वात जास्त वापरला जायचा.

आता सेफ मोडच्या मर्यादा. फोनसोबत आलेली अ‍ॅप्स त्यात चालूच राहतात, त्यामुळे त्यांचा दोष असा सापडत नाही. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या अंगभूत भागाचं एक अपडेट बिघडलं आणि जगभर जीमेलसारखी अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. तिथे दोष लोकांनी टाकलेल्या अ‍ॅप्समध्ये नव्हताच. उपाय होता वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट. दुसरं, सेफ मोडमध्ये कमी अ‍ॅप्स चालतात, म्हणून मेमरीही मोकळी असते. सगळी संशयित अ‍ॅप्स काढूनही त्रास राहिला, तर एकच चोर नसून फोनवर एकूण ओझंच जास्त असू शकतं. आधी साठवणीची जागा मोकळी करा. आणि सेफ मोडमध्येही फोन गोठतच असेल, तर मग सॉफ्टवेअर अपडेट बघा, पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यानंतरच रीसेट किंवा दुरुस्तीवाला.

कुठलंही अ‍ॅप काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: यातली माहिती फक्त याच फोनमध्ये आहे का? उत्तर 'हो' असेल, तर आधी बॅकअप, मग हात लावा. ताईंनी त्याच संध्याकाळी उधारीची यादी वहीत उतरवून घेतली.